सणाची ऑफर सणाच्या दिवशी पाठवू नका

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी तुमच्या ग्राहकाचा फोन कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा. मामेभावाची पणती, सोसायटीच्या सेक्रेटरीची रांगोळी, नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, बँकेचं कार्ड, विमा एजंटचं कार्ड. त्यातच तुमचं एक चित्र: "सर्व ग्राहकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! सर्व किराणा मालावर १० टक्क्यांपर्यंत सूट! अटी लागू. आजच भेट द्या!"

आता सांगा, ती ताई त्या दिवशी दुकानात कशाला येईल? तिची चकली डब्यात आहे, चिवडा डब्यात आहे, तेल महिन्याभराचं भरलेलं आहे. तुम्ही १० टक्के द्या नाहीतर १५ द्या, तिला आज काही घ्यायचंच नाहीये. ती चित्र न उघडता पुढे जाते. असं तीन-चार सणांना झालं की तुमचं नाव दिसलं तरी बोट आपोआप पुढे सरकतं. स्पॅम म्हणजे हेच. मेसेज विक्रीचा आहे म्हणून लोक चिडत नाहीत. तो त्यांच्या कामाच्या वेळी येत नाही म्हणून चिडतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शुभेच्छा आणि ऑफर एकाच मेसेजमध्ये कोंबू नका. ऑफर सणाच्या तयारीच्या दिवसांत जाऊ दे. शुभेच्छा सणाला जाऊ दे, आणि त्या शुभेच्छेत काहीही विकू नका.

उलटं मोजा

एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान, सण दिवाळी, वस्तू चकलीची भाजणी.

वसुबारसेपासून मागे मोजत चला. चकल्या तळल्या जातात साधारण चार-पाच दिवस आधी. म्हणजे भाजणी दळून हवी आठवडाभर आधी. दळण्याआधी तांदूळ आणि डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, एकेक वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं. त्याला दोन-तीन दिवस धरा. म्हणजे साहित्य घरात यायला हवं दहा-अकरा दिवस आधी. मग तुमचा मेसेज कधी जायला हवा? वसुबारसेच्या बारा-तेरा दिवस आधी. "यंदा भाजणी कधी करायची" हा विचार घरात सुरू असतो, तेव्हा.

वेळही बघा. सकाळी आठ ते दहा डबे आणि शाळेची घाई असते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जरा उसंत असते. तुमच्या ग्राहकांचं वेगळं असेल तर तुम्हालाच ते जास्त माहीत. काउंटरवर तुम्ही उभे असता.

सूट कशावर द्यायची?

किराण्यात सरसकट सूट परवडत नाही. साखर-तेलात सुटतं तरी किती? समजा दिवाळीचं बिल १५०० रुपये झालं आणि सगळं धरून तुम्हाला १२ टक्के सुटतात, म्हणजे १८० रुपये. १० टक्के सूट दिलीत की १५० गेले, हातात राहिले ३०. त्यातून हमाली आणि पिशवीचा खर्च जायचाय. आणि "१० टक्क्यांपर्यंत" लिहून प्रत्यक्षात दोनच वस्तूंवर दिलीत, तर ग्राहक काउंटरवर वाद घालणार.

त्यापेक्षा तिचा त्रास कमी करा. भाजणीचं साहित्य प्रमाणात मोजून, निवडून एका पिशवीत बांधा. तिने घरी भाजून ते परत दुकानात आणून दिलं, तर गिरणीतून दळून आणायचं काम तुमचं. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागते, ती रांग तुम्ही तिच्यासाठी लावताय. समजा दळणाला किलोमागे १० रुपये लागले, तर २ किलोला तुमचा खर्च २० रुपये. तिच्या दृष्टीने मात्र तिची एक दुपार वाचली. शिवाय ती दुकानात तीन वेळा येते: साहित्य न्यायला, भाजलेलं द्यायला आणि पीठ न्यायला. पोहे, डाळं, खोबरं, खसखस हे त्याच फेऱ्यांत घेतलं जातं.

गिरणीवाल्याशी मात्र आधी बोलून ठेवा. कोणत्या दिवशी किती डबे घेईल ते विचारा. गव्हाच्या पिठानंतर लगेच भाजणी टाकू नका असंही सांगा. आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लावा. दोघींची भाजणी बदलली तर वर्षभराचं गिऱ्हाईक जातं.

मेसेज असा लिहा

> नमस्कार, स्टँडसमोरच्या ____ किराणातून ____ बोलतोय.
>
> चकलीच्या भाजणीचं साहित्य मोजून, निवडून पिशवीत बांधतोय. प्रमाण: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी. धणे-जिरे वेगळ्या पुडीत. १ किलोची पिशवी ____ रुपये.
>
> घरी भाजून पुढच्या बुधवारपर्यंत आणून दिलीत, तर दळून आणून देतो. दळणाचे पैसे घेणार नाही. बुधवारनंतर गिरणीत गर्दी होते, तेव्हा जमणार नाही.
>
> किती किलो ते लिहा किंवा बोलून पाठवा, पिशवी बांधून ठेवतो. प्रमाण वेगळं हवं असेल तर तसं सांगा.
>
> असे मेसेज नको असतील तर "नको" एवढंच लिहा.

यात काय आहे ते बघा. पहिल्याच ओळीत कोण बोलतंय ते कळतं. भाव लिहिलेला आहे, त्यामुळे "कितीला?" विचारायला फोन करावा लागत नाही. मुदत आहे आणि मुदतीचं खरं कारणही आहे. "ऑफर फक्त आजच" असं लिहून उद्याही तीच ऑफर चालू ठेवली की तुमच्या पुढच्या कुठल्याच तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि जिला काहीच घ्यायचं नाही, तिलाही भाजणीचं प्रमाण मिळालं. असा मेसेज कधीकधी जावेला, नणंदेला पुढे पाठवला जातो.

ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकीचं नाव टाकता येत नाही, म्हणून "प्रिय ग्राहक" लिहायचीही गरज नाही. साधं "नमस्कार" पुरे. मात्र पंचवीस-तीस जुनी घरं असतील, त्यांना वेगळा मेसेज टाका: "काकू, मागच्या वर्षी तुम्ही दोन किलो नेली होती, यंदाही तेवढीच बांधू का?" याला अर्धा तास लागतो आणि सगळ्यात जास्त पिशव्या इथूनच जातात.

यादीत कोण आहे?

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत नंबर बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून कुणाकडून दोन हजार नंबरांची यादी विकत घेऊन काही होत नाही. ग्रुप तर करूच नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि कुणाची तरी "गुड मॉर्निंग" सुरू झाली की ग्राहक बाहेर पडतात.

पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला ते तिथे दिसतं. दोन-तीन दिवसांनीही ज्यांना पोचला नाही, त्यांच्यात बहुतेक जणांनी नंबर सेव्ह केलेला नसतो. ते पुढच्या वेळी दुकानात आले की बिल करताना विचारा: "सणाच्या आधी सामानाचा मेसेज टाकतो, चालेल का? मग आमचा नंबर तेवढा सेव्ह करा." 'हो' म्हणाले तरच यादीत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायासाठीच्या नियमांतही ग्राहकाची संमती लागते. बऱ्याच लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर तुमच्या पाटीवर आणि बिलावर छापलेला असतो.

"नको" आलं की त्याच दिवशी नाव काढा आणि "काढलं, धन्यवाद" एवढं कळवा. का नको, असं विचारू नका. ती ग्राहक म्हणून येतच राहणार आहे, तिला फक्त मेसेज नकोत.

मग शुभेच्छा?

वसुबारसेच्या संध्याकाळी, चित्रांचा पूर यायच्या आधी, चार ओळी पाठवा:

> दिवाळीच्या शुभेच्छा. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.
> लक्ष्मीपूजनाला दुकान दुपारी २ पर्यंत उघडं आहे. पाडव्याला बंद. भाऊबीजेला सकाळी ८ ते १२.
> ऐन वेळी साखर-दूध लागलं तर याच नंबरवर फोन करा.

चित्र नको, तुमचा फोटो नको, सूट नको. दुकान कधी उघडं आहे हे त्या चार दिवसांत खरंच लागतं, म्हणून हा मेसेज लोक परत उघडून बघतात. वेळ लिहिली की मात्र पाळायची. ८ लिहून ९ला शटर उघडलंत, तर मेसेज न पाठवलेला बरा होता.

जमलं की नाही, कसं ओळखाल?

निळ्या टिका मोजू नका. काही जणांनी त्या बंद ठेवलेल्या असतात, आणि वाचलं म्हणजे घेतलं असं होत नाही. वहीत चारच आकडे लिहा: किती जणांना पोचला, किती उत्तरं आली, किती पिशव्या प्रत्यक्ष गेल्या, किती "नको" आले. समजा १८० जणांच्या यादीत ११८ जणांना पोचला, २१ उत्तरं आली, २ किलोच्या १५ पिशव्या गेल्या आणि ४ "नको" आले. दळणाचा खर्च ३०० रुपये. त्याच १५ घरांना १५०० च्या बिलावर १० टक्के दिले असते, तर २२५० रुपये गेले असते. "नको" उत्तरांपेक्षा जास्त आले, तर विषय किंवा दिवस चुकलाय. पोचण्याचा आकडाच कमी असेल, तर मजकूर बदलत बसू नका, काउंटरवर नंबर सेव्ह करून घ्या.

तुमचं दुकान वेगळं असेल तरी मोजणी अशीच उलटी करा. टेलरने ब्लाउज शिवायला घेण्याची शेवटची तारीख कळवावी. संक्रांतीला तीळ-गूळ, ईदला शेवया, चैत्रात वर्षभराचा मसाला. ज्यांच्या घरी जे होतं, त्यांनाच ते पाठवा. त्यासाठी दोन-तीन वेगळ्या याद्या ठेवा. आणि वर्षात ऑफरचे चार-पाच मेसेज पुरे.

आता कॅलेंडर काढा, तुमच्या दुकानाशी जोडलेला पुढचा सण शोधा आणि ग्राहक त्याची तयारी कोणत्या दिवशी सुरू करतो तिथे खूण करा. मेसेज त्या दिवशी जाईल.