लादी पावाचा हिशेब

बेकरीच्या हिशेबात मैदा कायम 100 टक्के धरतात आणि बाकी प्रत्येक जिन्नस मैद्याच्या वजनाच्या टक्क्यांत मांडतात. त्यामुळे बेरीज शंभराच्या वर जाते, आणि खरी कामाची तीच. लादी पावाचं साधं प्रमाण घ्या: मैदा 100, पाणी 62, साखर 4, तेल 3, मीठ 2, कोरडं यीस्ट 1, बेरीज 172. प्रत्येकी 50 ग्रॅमचे 24 गोळे हवेत, म्हणजे मळलेलं पीठ 1200 ग्रॅम. त्याला 172 ने भागून 100 ने गुणलं की मैदा निघतो साधारण 700 ग्रॅम. मग पाणी 434, मीठ 14, यीस्ट 7. हे सगळं वजनकाट्यावरच मोजावं, कारण वाटीत मैदा कधी सैल बसतो, कधी दाबून. दसपट पाव करताना जिन्नस दसपट घ्यावेत, पण फुगण्याच्या वेळेकडे लक्ष ठेवावं: मोठा गोळा आतली ऊब धरून ठेवतो आणि लवकर वर येतो, म्हणून पाणी थंड घ्यावं. मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घेतलं तर कोंडा जास्त पाणी पितो; 62 टक्क्यांत गोळा घट्ट होऊन वळताना चिरतो. तेव्हा बाकी आकडे तसेच ठेवून पाण्याचा तेवढा 70 च्या आसपास न्यावा.