फ्लूची लस फुकट आहे, पण ती कुणाला सांगायची नाही असं ठरलंय का?

मंडळी, पाऊस सुरू झालाय. दरवर्षीप्रमाणे दवाखान्यांच्या काचांवर ‘फ्लूची लस उपलब्ध’चे कागद लागलेत. एका डोसला दीड ते दोन हजार. माझ्या ओळखीतल्या एका घरातल्या पाचही जणांना डॉक्टरांनी ‘घ्या सगळ्यांनी’ असं सांगितलं. घरातला कमावता एक, पगार बावीस हजार. त्यानं मला फोन करून विचारलं, ‘दादा, काढू का कर्ज?’

कर्ज काढायची गरज नाही. पण हे त्याला सांगायचं काम माझं नव्हतं. ते सरकारी दवाखान्याच्या भिंतीचं होतं, आणि ती भिंत गप्प आहे.

सरळ सांगतो. फ्लूची लस बाळांच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही. बाळाच्या कार्डावर पेंटाव्हॅलेंटच्या रकान्यात ‘हिब’ असतं, त्याचं पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएंझा. ते वाचून कित्येक आई-बाप समजतात की फ्लूची लस झाली. नाही झाली. तो जंतू वेगळा, लस वेगळी. न्यूमोनियाची मिळते तीही वेगळी.

पण महाराष्ट्रात २०१५ पासून स्वाइन फ्लूची म्हणजे इन्फ्लुएंझाची लस सरकारी रुग्णालयांतून काही ठरावीक लोकांना मोफत द्यायचं धोरण आहे. मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बाया, आणि रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर, नर्स, कर्मचारी. सक्ती नाही, ज्याला हवी त्याला. आता तुमच्या गल्लीत शुगर किंवा बीपीची गोळी खाणारे किती आहेत ते मोजा. त्यातल्या कितींना हे माहीत आहे तेही विचारा.

आता त्या घराचा हिशेब मांडू. आजी अडुसष्ट वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही. आजोबा सत्तरीचे, ‘मला काही होत नाही’वाले. मुलगा पस्तिशीचा, धडधाकट. सून पाचव्या महिन्यात. नातू चार वर्षांचा, दम्याचा पंप घेणारा. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यांनी घेतली तर डोस पाच नव्हे, सहा लागतात. आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस द्यावे लागतात. अठराशेच्या भावानं झाले दहा हजार आठशे. अर्धा पगार!

यातली आजी आणि सून मोफतच्या यादीत बसतात. सुनेला तर ती मिळायलाच हवी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही, आईनं घेतली तरच त्याला सुरुवातीचे महिने आईकडून थोडं संरक्षण मिळतं. मुलाला यंदा नाही घेतली तरी चालेल. तो निरोगी आहे, पैसा कमी आहे, आणि त्याच्यापेक्षा जास्त धोका असलेले घरात आहेत. आजोबांनी आधी सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर तपासून घ्यावं. तिशीपुढच्या सगळ्यांची ही तपासणी तिथं फुकट होते. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांत बीपी निघणारे थोडे नसतात, आणि निघालं तर ते यादीतच आले.

खरा प्रश्न नातवाचा आहे. दमा आहे, वय लहान आहे, आणि राज्याच्या या यादीत तो कुठंच बसत नाही. तसंच सत्तरीचा माणूस निव्वळ वयामुळे बसत नाही. माझा पहिला राग इथं आहे. वय झालेल्यांना आणि लहान मुलांना फ्लू जड जातो हे तज्ज्ञांना माहीत आहे, सरकारच्या मार्गदर्शनातही आहे, मग मोफतच्या यादीत का नाही? या घरानं खिशातून खर्च करायचाच असेल तर तो नातवाच्या दोन डोसांवर करावा. तीन हजार सहाशे. पुढच्या वर्षी एकच डोस पुरेल. पैसे उरले तर आजोबा.

विकत घेताना डोळे उघडे ठेवा. डोस टोचण्याआधी खोका बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही दर हंगामाला बदलते. खोक्यावर हंगामाचं वर्ष असतं. पावसाळ्याआधी आपल्याला त्या वर्षाची ‘सदर्न हेमिस्फिअर’ची लस हवी. मागच्या हंगामाचा उरलेला माल मुदत संपलेली नाही म्हणून गळ्यात मारला जात असेल तर नको म्हणा. छापील किंमतही तिथंच दिसते. आणि लस फ्रिजमधून निघाली पाहिजे, टेबलावरच्या ट्रेमधून नव्हे.

ही लस काय करत नाही तेही ऐका. साधी सर्दी थांबवत नाही. लस आणि विषाणूचा मेळ चांगला बसला त्या वर्षीही दवाखाना गाठावा लागेल असा फ्लू साधारण निम्म्यानं कमी होतो, पूर्ण टळत नाही. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणून ताप चढल्यावर लस मागायला धावू नका. धोक्यातल्या माणसाला ताप, खोकला आणि धाप लागत असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिथं ऑसेल्टामिव्हिरची गोळी मोफत मिळते आणि ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते.

आता दुसरा राग. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. पुण्यात २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू झाला, तेव्हापासून हे कुणाला नवीन नाही. म्हणजे लस मे-जूनमध्ये दवाखान्यात हवी. मी विचारत फिरलो तेव्हा एका ठिकाणी ‘अजून आलेली नाही’, दुसरीकडे ‘आली होती, संपली’, आणि तिसऱ्या ठिकाणी कर्मचाऱ्यानं मलाच विचारलं, ‘अशी काही योजना आहे?’ दर महिन्याला शुगर-बीपीची गोळी न्यायला रांगेत उभा राहणारा माणूस हाच लाभार्थी आहे. त्याला शोधायला सर्वेक्षण नको. गोळी देणाऱ्या खिडकीवर एक कागद चिकटवला की काम झालं. तेवढंही होत नाही. मग लस फ्रिजमध्ये पडून मुदत संपते आणि अहवालात लिहिलं जातं की लोकांचा प्रतिसाद नाही. प्रतिसाद कशाला, निरोपच पोचला नाही!

तुम्ही काय करायचं? शुगर-बीपीची फाईल किंवा गरोदरपणाचं कार्ड आणि आधार घेऊन जा, आणि ‘लस आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘इन्फ्लुएंझाची मोफत लस, मी मधुमेहाचा रुग्ण आहे’ असं विचारा. नाही म्हणाले तर कधी येणार ते विचारून नाव-नंबर लिहून घ्यायला लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही मिळाली तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, कारण दोन्हींचे साहेब वेगळे. केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाकडे नसलेली लस दुसऱ्याकडे असू शकते.

मी या दोन्ही कार्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, दहा-दहा रुपयांचा. चारच प्रश्न आहेत: यंदा किती डोस आले, कोणत्या तारखेला आले, कोणत्या गटातल्या किती जणांना दिले, आणि मागच्या वर्षीचे किती मुदत संपून फेकले. उत्तर द्यायला तीस दिवस आहेत. येईल ते इथंच टाकतो. तोवर ज्यांनी विचारणा केली त्यांनी दवाखान्याचं नाव आणि मिळालेलं उत्तर खाली लिहा, रुग्णाचं नाव नको.