लाइट आली, वायफाय आलं, मग नेट कुठे अडकलं?

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मावसबहिणीचा फोन आला तेव्हा साडेचार वाजले होते. अकरावीच्या प्रवेशाचे पसंतीक्रम भरून लॉक करायची मुदत सहा वाजेपर्यंत होती. 2025 पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे तालुक्याच्या गावातही आता कॉलेजात जाऊन फॉर्म देता येत नाही. तीन वाजता वळीव आला, लाइट गेली. चार वाजून पाच मिनिटांनी आली, पुन्हा दोन-तीन झटके मारून गेली आणि मग एकदाची टिकली. पण नेट काही आलं नाही. मोबाइलला घरात एकच काडी असते आणि तेव्हा सगळं गाव त्याच टॉवरवर लटकलेलं. कॉल लागत होता, पण साइट उघडत नव्हती.

"दादा, वायफाय दिसतंय, कनेक्टही होतंय, पण खाली लिहून येतंय की इंटरनेट नाही."

मागून काकांचा आवाज आला, "टाचणी आण गं, रीसेट करून बघतो." मी फोनवरच ओरडलो की टाचणी लांब ठेवा. त्याचं कारण पुढे सांगतो.

दर पावसाळ्याच्या तोंडावर मला असे फोन येतात. आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी ऑपरेटरला शिव्या घालतो, मग राउटर जळाला असं ठरवून नवीन घ्यायच्या गोष्टी करतो. बऱ्याचदा दोन्ही चूक असतं. लाइन चालू असते, राउटरही धडधाकट असतो. फक्त दोघांची चुकामूक झालेली असते.

ही चुकामूक कळायला आधी घरात डबे किती आहेत ते बघा. मावशीकडे दोन आहेत. एक ऑपरेटरने दिलेला फायबरचा मोडेम, ज्याला ओएनटी म्हणतात. त्याच्यात बाहेरून आलेली बारीक पिवळी किंवा काळी वायर जाते. दुसरा त्यांनी स्वतः विकत घेतलेला वायफाय राउटर. दोघांच्या मध्ये एक छोटी लॅन केबल. (तुमच्याकडे मोडेम आणि वायफाय एकाच डब्यात असेल, तर आधी कोण सुरू झालं हा प्रश्नच येत नाही. तुमच्यासाठी खाली अडॅप्टरबद्दल लिहिलंय ते कामाचं.)

लाइट आली की दोन्ही डबे एकाच क्षणी जागे होतात, पण तयार एका वेळी होत नाहीत. मावशीकडचा राउटर साधारण 50 सेकंदांत उभा राहतो. मोडेमला मात्र अडीच-तीन मिनिटं लागतात, कारण त्याचं काम जास्त आहे. आधी तो स्वतः सुरू होतो. मग फायबरमधून येणारा प्रकाश ओळखतो. मग पलीकडचं ऑपरेटरचं मशीन त्याचा सीरियल नंबर तपासतं, तो किती अंतरावर आहे ते मोजतं आणि त्याला बोलायची पाळी ठरवून देतं. पाळी लागतेच, कारण एकाच फायबरवर सहसा 32 किंवा 64 घरं असतात आणि सगळ्यांनी एकदम बोललं तर काहीच कळणार नाही. गावाची लाइट एकदम येते, तेव्हा ही सगळी घरं एकदम दारात उभी राहतात. म्हणून अशा वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागू शकतो.

आता गंमत बघा. मोडेमचं लॅन पोर्ट मात्र लवकर जागं होतं, फायबरचं काम पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी. राउटरला केबलमध्ये जीव दिसतो आणि तो धरून चालतो की लाइन आली. तो लगेच हाक मारतो, "कोणी आहे का?" मोडेमला ती हाक पुढे पोचवायला अजून रस्ताच नसतो. उत्तर येत नाही. राउटर दोन-चार वेळा हाका मारतो आणि थकतो. पुढे मोडेम तयार होतो, पण त्याची खबर राउटरला कोणी देत नाही, कारण मधल्या केबलचा दिवा आधीपासून लागलेलाच आहे. तो एकदा विझून पुन्हा लागला असता, तर राउटरला कळलं असतं की काहीतरी बदललं.

चांगल्या फर्मवेअरचे राउटर थोड्या थोड्या वेळाने हाका मारत राहतात, म्हणून काही घरांत नेट आपोआप येतं. काही राउटर मात्र अडकून बसतात. मावशीकडचा दुसऱ्या जातीचा. नंतर एका रविवारी मी तिकडे गेलो, तेव्हा त्याच्या सिस्टिम लॉगमध्ये हे सापडलं:

```
Timeout waiting for PADO packets
Unable to complete PPPoE Discovery
```

पीएडीओ म्हणजे त्या हाकेला मिळणारी ओ. ती वेळेत आली नाही, एवढंच पहिली ओळ सांगते. यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या कनेक्शनवर, म्हणजे पीपीपीओईवर, हे असं दिसतं. तुमचं कनेक्शन यूजरनेमशिवाय चालत असेल तर लॉगमध्ये हे शब्द नसतील, पण अडचण तीच असू शकते.

तर त्या दिवशी फोनवर काय केलं? आधी तिला दिवे वाचायला सांगितले. मोडेमवर PON हिरवा आणि स्थिर, LOS विझलेला. म्हणजे फायबर ठीक होतं. LOS लाल असता, तर घरात काहीही करून उपयोग नव्हता, कारण मग प्रकाशच पोचत नाहीये: वायर तुटली असेल किंवा पलीकडचं मशीन बंद असेल. राउटरवर इंटरनेटचा दिवा नारिंगी. मग तिने ब्राउझरमध्ये 192.168.0.1 उघडून स्टेटसचं पान बघितलं (काही राउटरला 192.168.1.1 असतं, खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं). तिथे WAN IP पुढे 0.0.0.0 होतं. म्हणजे मोडेम तयार होता आणि राउटर रिकाम्या हाताने बसला होता.

भावाने तोपर्यंत राउटरचं बटण तीन-चार वेळा खटाखट बंद-चालू केलं होतं. त्याने काम होऊ शकलं असतं, पण इतक्या झटपट केलं की आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते आणि राउटर नीट बंदच होत नाही, अर्धवट अवस्थेतून परत उठतो. म्हणून आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. दोन्ही डब्यांचे प्लग काढले. अर्धा मिनिट थांबलो. फक्त मोडेम लावला. PON लुकलुकत होता तोवर राउटरला हात लावायचा नाही असं बजावलं. दोनेक मिनिटांनी तो स्थिर झाला, वर आणखी एक मिनिट जाऊ दिलं आणि मग राउटर लावला. नारिंगी दिवा हिरवा झाला तेव्हा पाचला दहा कमी होते. सव्वापाचला तिचे पसंतीक्रम लॉक झाले.

एवढं करूनही नेट आलं नाही, तर अजून एक शक्यता असते. लाइट फक्त पाच-दहा सेकंद गेली असेल, तर राउटरला निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही आणि ऑपरेटरच्या सर्व्हरला वाटत राहतं की तुम्ही अजून जोडलेलेच आहात. एका खात्यावर एकच लॉगिन चालतं, मग तो तुमचंच नवं लॉगिन नाकारतो. अशा वेळी राउटर पाच-दहा मिनिटं बंदच ठेवा. जुनं लॉगिन मेलं हे सर्व्हरला कळलं की नवं घेतलं जातं.

आणि ती टाचणी. मागच्या भोकातलं बटण दाबून धरलं की राउटर फॅक्टरीतून आल्यासारखा कोरा होतो. वायफायचं नाव-पासवर्ड जातं ते जातंच, पीपीपीओईचं यूजरनेमही जातं. ते ऑपरेटरकडून परत घ्यावं लागतं आणि लाइट आल्यानंतरच्या तासाभरात ऑपरेटरचा फोन लागणं म्हणजे लॉटरीच. काकांनी टाचणी टोचली असती, तर पुढचा फोन मला सहानंतर आला असता.

चुकामुकीपेक्षा वेगळा आजार म्हणजे राउटर सुरूच न होणं. सगळे दिवे लागून गोठतात, किंवा दर मिनिटाला विझून पुन्हा लागतात, वायफायचं नाव दिसतं आणि गायब होतं. इथे क्रम बदलून काही होणार नाही. पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. जुना अडॅप्टर सुरुवातीला पुरेसा व्होल्टेज देतो, पण वायफाय सुरू होऊन वीज जास्त लागली की मान टाकतो आणि राउटर परत पहिल्यापासून सुरू होतो. एक घरगुती घोळही असतो: मोडेम आणि राउटरच्या पिना अनेकदा सारख्याच असतात आणि साफसफाईत अडॅप्टरांची अदलाबदल होते. डब्यावर 12V 1.5A लिहिलंय आणि अडॅप्टर 12V 0.5A चा लागलाय, असं मी स्वतः पाहिलंय. व्होल्ट आणि पिनेची पोलॅरिटी तंतोतंत तीच हवी, अँपियर तेवढा किंवा जास्त चालतो. अडॅप्टर बदलूनही तेच चाललं असेल, तर मात्र राउटर खरंच गेलेला असू शकतो.

आता कायमचा उपाय. त्या रविवारी मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बोर्डाचं मेन बटण पाच वेळा बंद-चालू केलं. दोन्ही डबे एकत्र सुरू केल्यावर पाचपैकी तीनदा राउटर अडकला. राउटर तीन मिनिटं उशिरा लावला, तेव्हा पाचही वेळा नेट आलं. आधी राउटरची सेटिंग तपासली होती: पीपीपीओईच्या पानावर Connection Mode मध्ये Connect Automatically होतं. तुमच्याकडे तिथे Connect Manually असेल, तर आधी तेच बदला. कदाचित तेवढ्यानेच भागेल, कारण मॅन्युअलवर राउटर स्वतःहून हाक मारतच नाही.

बहुतेक लोक मिनी यूपीएस सुचवतात. चांगलीच वस्तू आहे, पण पैसे एकाचेच असतील तर ती आधी मोडेमला लावा, राउटरला नव्हे. मोडेम बंदच पडला नाही, तर राउटर परत उठेल तेव्हा त्याला उत्तर द्यायला कोणीतरी जागं असेल. मात्र लाइट बॅटरीपेक्षा जास्त वेळ गेली, तर दोघं पुन्हा एकत्रच उठणार आणि पुन्हा तीच चुकामूक.

मावशीकडे मी वेगळं केलं. त्यांच्या जुन्या फ्रीजचा स्टॅबिलायझर माळ्यावर पडून होता. त्यात टाइम डिले असतो: लाइट आली तरी कॉम्प्रेसर वाचवायला तो साधारण तीन मिनिटं थांबूनच पुढे वीज सोडतो. मोडेम थेट बोर्डावर ठेवला, राउटरचा अडॅप्टर स्टॅबिलायझरच्या सॉकेटमध्ये लावला. टीव्हीखाली तो ठोकळा काही शोभून दिसत नाही, मावशीची तक्रार चालूच आहे. पण त्यानंतर लाइट चार वेळा गेली आणि मला एकदाही फोन आला नाही.