शब्दांच्या पाऊलखुणा : सब्र

मराठींत ‘सबूर’ म्हटलें, कीं ‘थांब, घाई करूं नकोस’ एवढाच अर्थ आपल्या मनांत येतो. पान वाढून होण्यापूर्वींच हात पुढें करणाऱ्या नातवास आजी ‘सबूर’ म्हणते; तावातावानें बोलूं लागलेल्या धाकट्यास वडील भाऊ तोच शब्द ऐकवितो. शिर्डीच्या साईबाबांच्या नांवाशीं जोडलेल्या ‘श्रद्धा आणि सबुरी’ या जोडीमुळें त्याला भक्तीचा थोडा रंग चढला आहे, इतकेंच. परंतु फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आलेल्या या शब्दाचें माहेर जी अरबी भाषा, तिच्यांत ‘सब्र’ याचा अर्थ वाट पाहणें असा नाहीं.

त्या धातूचा मूळ अर्थ आहे बांधून ठेवणें, रोखून धरणें. जिवंत प्राण्यास बांधून त्यावर नेम धरण्याची चाल पैगंबर महंमद यांनीं निषिद्ध ठरविली, त्या प्रसंगींच्या वचनांत हाच धातु आला आहे. धर्मशास्त्रांत मात्र बांधणारा आणि बांधला जाणारा एकच असतो. दमास्कसचे पंडित इब्न कय्यिम (मृत्यु इ. स. १३५०) यांनीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या मतें सब्र म्हणजे तीन ठिकाणीं घातलेला आवर : मनाला त्राग्यापासून, जिभेला गाऱ्हाण्यापासून आणि हातांना गाल बडवण्यापासून व वस्त्रें फाडण्यापासून रोखणें. या यादींत डोळ्यांतील पाण्याचा उल्लेख नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. इ. स. ६३२ मध्यें पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, तेव्हां ते स्वतः रडले होते. अश्रूंनीं सब्र मोडत नाहीं.

मग तो केव्हां मोडतो? हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. एक स्त्री कबरीपाशीं रडत होती. पैगंबर तिकडून जात होते. ‘ईश्वराचें भय बाळग आणि सब्र धर,’ अशा अर्थाचें ते बोलले. तिनें त्यांना ओळखलें नाहीं. माझ्यासारखा घाला तुमच्यावर पडलेला नाहीं, दूर व्हा, असें ती म्हणाली. ते कोण होते हें मागाहून कळतांच ती त्यांच्या दाराशीं गेली. दारावर पहारेकरी नव्हते. मीं आपणांस ओळखलें नव्हतें, असें तिनें सांगितलें. त्यावर त्यांनीं उत्तर दिलें, कीं सब्र तो पहिल्या आघाताच्या वेळचा. भावार्थ स्पष्ट आहे. दिवस गेले म्हणजे दुःख आपोआप बोथट होतें. तें काळाचें काम, त्यांत माणसाचें कर्तृत्व थोडेंच. घाव ताजा असतां जो आपणांस आवरतो, त्याचा सब्र खरा. ‘थोडें थांब’ या अर्थाचा शब्द येथें अपुरा पडतो, तो यामुळेंच.

याचें सर्वांत मोठें उदाहरण कुराणाच्या बाराव्या अध्यायांतील याकूबाचें आहे. त्याच्या मुलांनीं आपल्या भावाला, यूसुफाला, विहिरींत टाकलें आणि खोट्या रक्तानें माखलेला सदरा बापापुढें ठेवला. याकूबास तें खरें वाटलें नाहीं. तरी त्यानें आक्रोश केला नाहीं, कीं मुलांना शापहि दिला नाहीं. आतां ‘सब्रुन् जमील’, म्हणजे सुंदर सब्र, एवढेंच तो बोलला. पुढें दुसरा लाडका मुलगाहि मिसरांत अडकला, तेव्हां त्याच्या तोंडीं पुन्हा तेच दोन शब्द आले. शोकानें त्याचे डोळे मात्र पांढरे पडले होते. मुलें त्याला बोल लावूं लागलीं, कीं यूसुफाची आठवण काढतां काढतां तुम्ही झिजून मराल. तेव्हां तो म्हणाला, कीं माझें गाऱ्हाणें मी केवळ ईश्वरापाशीं करतों.

भाष्यकारांनीं ‘सुंदर’ या विशेषणाचा अर्थ येथूनच काढला : ज्यांत माणसांपुढें गाऱ्हाणें नाहीं, तो सब्र सुंदर. ईश्वरापुढें मन मोकळें केल्यानें त्याला बाध येत नाहीं. उलट तक्रारीची योग्य जागा तीच. आणखी एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते. हें बोलून झाल्यावर याकूब डोळे मिटून बसला नाहीं. जा, यूसुफाचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, ईश्वराच्या कृपेविषयीं निराश होऊं नका, असें त्यानें मुलांना बजावलें. ज्यांनीं घात केला, त्यांनाच त्यानें शोधास धाडलें! सब्र म्हणजे हात जोडून निमूट बसणें असा समज मुसलमानांतहि कित्येकांचा होतो. या कथेंत त्याला आधार सांपडत नाहीं.

म्हणूनच हा शब्द दुःखापुरता उरला नाहीं. नित्य नमाज न चुकवणें हा आज्ञापालनांतील सब्र; मोह समोर असतां हात आवरणें हा पापापासूनचा सब्र; आणि आपत्तींतील सब्र तिसरा. रमजानला ‘सब्राचा महिना’ म्हणतात, कारण अन्नपाणी हाताशीं असूनहि सूर्यास्तापर्यंत त्याला शिवावयाचें नसतें. ईश्वराच्या नव्व्याण्णव नांवांच्या रूढ यादींत अखेरचें नांव ‘अस्-सबूर’ असें आहे : अपराध्यास शिक्षा करण्याचें सामर्थ्य असूनहि जो घाई करीत नाहीं, तो. आजीच्या तोंडचा ‘सबूर’ तो हाच शब्द.