आधी टाच बघा, मग बूट!

विद्यापीठाच्या रस्त्यावर किंवा गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पळायला सुरुवात करताय? मग बुटाचा रंग आणि ब्रँड नंतर बघा. तुमचा पाय जमिनीवर आधी कुठे टेकतो, हे आधी कळायला हवं.

कुणी टाचेवर उतरतं, कुणी तळव्याच्या मधल्या भागावर, तर कुणी चवड्यावर. हौशी धावणाऱ्यांपैकी बहुतेक जण टाचेवरच उतरतात आणि तो काही दोष नाही. तुमचं काय, ते शोधायला जुनी चप्पल उलटी करून बघू नका. चालताना सगळेच टाच आधी टेकतात, त्यामुळे ती तिथेच झिजणार. त्यापेक्षा दहा मिनिटं पळून अंग मोकळं झालं, की मित्राला बाजूने, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरून स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा. कॅमेऱ्यासाठी स्टाइल मारू नका, नेहमीसारखं पळा.

आता बुटातला ‘ड्रॉप’ समजून घ्या. टाचेखालचा सोल चवड्याखालच्या सोलपेक्षा जितके मिलिमीटर जाड, तितका ड्रॉप. तो ८ ते १२ असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण कमी पडतो. तो ० ते ४ वर आला की गुडघ्याचा थोडा भार पोटरीकडे जातो. म्हणून टाचेवर उतरणाऱ्याने रील बघून एकदम शून्य ड्रॉपचा बूट घेतला, तर आठवडाभरात पोटरी बोंबलते.

कुशनिंगचं गणितही ‘जितकं मऊ तितकं भारी’ असं नाही. फार मऊ सोलवर पाय डुगडुगतो. दुकानात बूट घालून एका पायावर उभे राहा. घोटा सारखा आत-बाहेर हलला तर तो बूट ठेवून द्या.

समजा, पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारा एक मुलगा आठवड्यातून चार दिवस, रोज ४ किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळतो आणि टाचेवर उतरतो. त्याला ८ ते १० ड्रॉप आणि मध्यम कुशनिंग पुरेसं आहे. आठवड्याला १६ किलोमीटर झाले. बूट साधारण ६०० किलोमीटर टिकला, तर नऊ महिने निघतात. वरून बूट नवा दिसला, तरी सोलवर आडव्या सुरकुत्या पडल्या आणि पळाल्यावर नडगी दुखू लागली, की फोम दबला असं समजा.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. पळताना घालता तेच मोजे घाला. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. मग दुकानाबाहेर दोन मिनिटं पळून बघा. ‘घालून घालून सैल होईल’ असं दुकानदार म्हणाला, तरी पहिल्याच मिनिटाला टोचणारा बूट घेऊ नका.

पळण्याची पद्धत बुटासाठी बदलू नका. बूट पायाला शोभला पाहिजे, इन्स्टाला नव्हे.