चार्जिंगचं टेबल शटरजवळ? मग पळणार कुठून?



ई-बाईकच्या बॅटऱ्या रिपेअर करायचं दुकान टाकायचंय म्हणून कुणी मला गाळ्याचा कच्चा नकाशा पाठवला, की मी सगळ्यात आधी चार्जिंगचं टेबल शोधतो. बहुतेक वेळा ते शटरला लागूनच असतं. सोयीचं असतं ना! गिऱ्हाईक बॅटरी तिथेच देतं, मीटर आणि बोर्डही तिथेच. पण माझं मत रोखठोक आहे: एकाच शटरचा गाळा असेल, तर माणूस आणि शटर यांच्या मध्ये एकही बॅटरी चार्जिंगला नको.

हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. माझ्या दुकानात एकदा ४८ व्होल्टची जुनी स्कूटर आली. मूळची लेड-ॲसिड बॅटरी काढून मालकाने कुणाकडून तरी लिथियम पॅक बसवून घेतला होता. तक्रार एकच, 'चार्जर मध्येच बंद होतो.' स्कूटरसोबत आलेला चार्जर आमच्या पोराने लावला आणि तो मागे दुसऱ्या कामाला गेला.

आता गंमत बघा. त्या पॅकवरही ४८ लिहिलंय, चार्जरवरही ४८. पिनसुद्धा बसते. पण असा लिथियम पॅक म्हणजे साधारण सेलचे १३ गट एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक गट जास्तीत जास्त ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅक ५४.६ ला भरला. लेड-ॲसिडचा चार्जर मात्र ५९ च्या आसपास जातो. तेराने भागा, एकेका गटावर साडेचार व्होल्ट! पॅकमधला बीएमएस, म्हणजे रखवालदार सर्किट, अशा वेळी चार्जिंग तोडतं. 'चार्जर मध्येच बंद होतो' तो यामुळेच. तक्रार नव्हतीच ती, बॅटरी जीव वाचवत होती. आणि आमच्याकडे यायच्या आधी कुणीतरी हुशारी करून बीएमएस बायपास केला होता. चार्जिंगची वायर थेट सेलवर.

पाऊण तासाने नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. पॅकची एक बाजू फुगली होती. मग पांढरा धूर. तो धूर म्हणजे पेट घेणारा, विषारी वायू असतो. एक सेल तापून फुटला की त्याची उष्णता शेजारच्याला फोडते, तो पुढच्याला. मी शटरबाहेर होतो, पोरगा आत. मधे ते टेबल. मी मेन स्विच पाडला आणि ओरडलो. तो नाकाला शर्ट लावून काउंटरवरून उडी मारून बाहेर आला, आणि चार-पाच सेकंदांत टेबल पेटलं.

शेजाऱ्याने पावडरचा सिलिंडर मारला. ज्वाळा बसल्या, मिनिटभरात परत उठल्या. पावडर ज्वाळा मारते, सेलमधली उष्णता नाही. शेवटी लाईट बंद आहे याची खात्री करून लांबून पाण्याचा पाइप धरला, पॅक थंड झाला तेव्हाच थांबलं. (फायर ब्रिगेडला फोन आधी करायचा असतो, आम्ही नंतर केला. चूकच.) जळका पॅक रात्रभर उघड्यावर ठेवला, कारण असे पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतात.

आता चार्जिंग मागच्या भिंतीला, सिमेंट शीटच्या कप्प्यात. माल तिथून लांब, काम करणारा माणूस नेहमी शटरच्या बाजूला. चार्जर पॅकसोबत जुळवल्याशिवाय लावायचा नाही. जुळवायचं म्हणजे लेबल वाचून नाही, मल्टिमीटरने चार्जरचं आउटपुट मोजून. फुगलेला, भिजलेला, पडलेला पॅक गाळ्यात येतच नाही. आणि कुलूप लावताना चार्जिंगचा स्विच बंद.

'सर, पोटमाळ्यावर पोरगा झोपतो, रात्री लक्ष ठेवील' असं सांगणारे भेटतात. अरे, तो लक्ष ठेवणार नाही, तो अडकणार! मागे चार्जिंग, वर माणूस, शिडी मधे... तर मग पोटमाळ्यावर झोपणं बंद. आणि गाळ्यावर लोक राहत असतील, जिना शेजारूनच जात असेल, तर तिथे पाच-दहा पॅक चार्जिंगला लावायचा धंदाच करू नका असं मी म्हणेन. २०२२ मध्ये सिकंदराबादला खाली ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि धूर जिन्याने वरच्या हॉटेलात गेला. आठ माणसं गेली. ती बॅटरी त्यांची नव्हती.

भाडं वाचतं म्हणून असा गाळा घ्यावासा वाटतो, कळतं मला. मीही आता एका वेळी चारच पॅक लावतो, म्हणून दोन गिऱ्हाइकं समोरच्याकडे गेली. तो रात्रभर चार्ज करून देतो.