आयपीला नाव लावून घ्या

भाड्याने सर्व्हर घेऊन त्यावरून स्वतःची मेल पाठवणाऱ्या छोट्या संस्थांना आणि दुकानदारांना एक सांगायचं आहे. मेल परत येऊ लागली की लगेच मजकुरात खोट शोधत बसू नका. परत आलेल्या निरोपात 550-5.7.25 हा आकडा आहे का, ते आधी बघा. जीमेल हा आकडा दाखवते, तेव्हा पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर रेकॉर्ड नसतो, किंवा त्या रेकॉर्डमधलं नाव फिरून त्याच आयपीवर येत नाही.

नेहमीचा डीएनएस नावावरून आयपी सांगतो, रिव्हर्स डीएनएस आयपीवरून नाव. समजा, तुमचा आयपी 203.0.113.25 आहे आणि सर्व्हरचं नाव mail.example.com आहे (दोन्ही दाखल्यापुरते). तुमचा सर्व्हर जीमेलकडे जातो आणि आपलं नाव सांगतो. जीमेल त्या आयपीचं नाव स्वतः शोधते, मग मिळालेल्या नावाचा आयपी शोधते. सगळं जुळलं, तर पडताळणी पुरी.

दुसरा शोध कशाला? कारण आयपी ज्याच्या ताब्यात आहे, तो पीटीआरमध्ये कोणाचंही नाव घालू शकतो. उद्या एखाद्या बँकेचंसुद्धा घालील. पण त्या बँकेच्या डोमेनमध्ये त्याला आपला आयपी लिहिता येत नाही. भाडेकराराला जशा दोघांच्या सह्या लागतात, तसं इथे आयपीवाला आणि डोमेनवाला दोघांनी एकमेकांना मान्य करावं लागतं. सर्व्हरने सांगितलेलं नाव निराळं असलं, तर तेवढ्यावरून मेल नाकारू नये असं मेलचे नियम म्हणतात. तरी स्पॅम फिल्टर ते मनात धरतात, म्हणून तेही जुळतं ठेवा. मेलवर लिहिलेलं डोमेन मात्र हेच असण्याची गरज नाही. एका सर्व्हरवरून दहा डोमेनची मेल जात असेल, तरी एकच पीटीआर पुरतो.

सर्वांत जास्त वेळ एका गैरसमजात जातो. डोमेन विकत घेतलं, तिथल्या पॅनलमध्ये पीटीआर भरला आणि लोक वाट बघत बसले, असं होतं. त्याचा काहीच उपयोग नाही. आयपीचा उलटा तक्ता आयपी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे असतो, म्हणजे बहुधा तुमच्या होस्टिंगवाल्याकडे.

आधी आपल्या डोमेनमध्ये mail.example.com चा ए रेकॉर्ड त्या आयपीवर लावा. तो नसेल, तर कित्येक कंपन्या पीटीआर लावूच देत नाहीत. मग होस्टिंगच्या पॅनलमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क भागात ‘रिव्हर्स डीएनएस’ शोधा. डिजिटलओशनमध्ये अशी वेगळी जागा नाही. तिथे ड्रॉपलेटला पूर्ण होस्टनेम दिलं की तेच पीटीआर होतं.

पॅनलमध्ये सोय नसेल, तर सपोर्टला तिकीट टाका. ‘आमची मेल जात नाही’ असं लिहू नका. एसपीएफ तपासा, असं ठरावीक उत्तर येईल. आयपी लिहा, हवं असलेलं पूर्ण नाव लिहा, ए रेकॉर्ड आधीच लावलाय हे सांगा आणि पीटीआर बदलून द्या एवढंच मागा. ‘तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये करा’ असं उत्तर आलं, तर हा रेकॉर्ड आयपीच्या झोनमध्ये असतो हे नम्रपणे सांगा आणि तिकीट नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा. कंपनीने आयपी दुसऱ्याकडून घेतला असेल, तर त्यांनाही पुढे विनंती करावी लागते. थोडा धीर धरा. साफ नकारच मिळाला, तर वाद घालण्यापेक्षा दुसऱ्याच्या मेल रिलेमधून पाठवा. घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवणाऱ्यांनाही मी हाच मार्ग सुचवेन.

काम झालं, असं त्यांनी कळवलं की स्वतः तपासा:

```
dig -x 203.0.113.25 +short
mail.example.com.
dig mail.example.com A +short
203.0.113.25
```

जुनंच नाव दिसलं, तर जुनी नोंद कॅशमध्ये असू शकते. काही तासांनी पुन्हा बघा. दोन नावं दिसली, तर जुनं काढायला सांगा.

एवढं करूनही मेल परत येते, तेव्हा मला पहिला संशय आयपीव्ही६चा येतो. सर्व्हरला दोन्ही पत्ते असतात, पीटीआर फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्याला लावलेला असतो आणि मेल नव्या पत्त्यावरून निघते. त्या पत्त्यालाही पीटीआर आणि एएएए रेकॉर्ड लावा. ते जमत नसेल, तर पोस्टफिक्सच्या main.cf मध्ये ही ओळ घालून पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा:

```
inet_protocols = ipv4
```

मग स्वतःच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवा आणि तिथे Show original उघडा. Received ने सुरू होणाऱ्या ओळींपैकी तुमचा आयपी असलेली ओळ शोधा. from नंतरचं नाव तुमच्या सर्व्हरने सांगितलेलं असतं, कंसातलं नाव गूगलने स्वतः शोधलेलं. ती दोन्ही एकच हवीत. पहिलं वेगळं दिसलं, तर main.cf मधलं myhostname सुधारा. कंसात नाव नसून नुसता आयपी असेल, तर तिकीट पुन्हा उघडा.